वाळलेला गोंद काढताना: टेबल, स्टील आणि कापड न बिघडवता

काही वर्षांपूर्वी जुन्या टेबलावर सुपर ग्लूचा वाटाण्याएवढा थेंब पडून वाळला होता. सुपर ग्लू ॲसिटोनने निघतो एवढं मला ठाऊक होतं, म्हणून मी ॲसिटोनमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा त्यावर दाबून ठेवला. थेंब खरोखरच मऊ पडला आणि पुसलाही गेला. पण बोळा उचलून पाहिला तर तो तपकिरी झाला होता, आणि जिथे थेंब होता तिथे नाण्याएवढा खरखरीत, निस्तेज डाग उरला होता. गोंदाबरोबर टेबलाचं लाखेचं पॉलिशही निघून आलं होतं. थेंबापेक्षा तो डाग दुरून जास्त दिसायचा.

तेव्हापासून मी प्रश्न उलटा विचारतो. गोंद कशाने निघेल हे नंतर; खालच्या वस्तूला काय सोसेल हे आधी. एकच थेंब स्टीलवर असेल तर ॲसिटोन, लाखेच्या पॉलिशवर असेल तर ब्लेड, आणि कापडावर असेल तर आधी आतल्या बाजूची पट्टी वाचायची.

पुढचं सगळं एका प्रसंगाच्या आधाराने सांगतो. एका खुर्चीच्या पायाचा सांधा सुटला होता. मी तो लाकडाच्या पांढऱ्या गोंदाने बसवला आणि शेजारी निघालेली एक बारीक ढलपी सुपर ग्लूने चिकटवली. काम टेबलावरच केलं, खाली कागद न घालता. सकाळी पाहिलं तर टेबलावर सांध्यातून गळलेल्या पांढऱ्या गोंदाची बोटभर लांब रेघ होती. तिच्या शेजारी सुपर ग्लूचा एक थेंब. स्टीलच्या मोजपट्टीवर दुसरा थेंब. आणि सदऱ्याच्या बाहीवर दोन्ही गोंदांचे डाग. टेबलही तेच, लाखेच्या पॉलिशचं.

आधी गोंद ओळखा

काय सांडलं हे आठवत असेल तर प्रश्नच नाही. पण दुसऱ्या कुणाचं काम असेल, किंवा डाग जुना असेल, तर नखाने आणि पाण्याने ओळख पटते.

लाकडाचा गोंद म्हणजे पॉलिव्हिनाइल ॲसिटेट या प्लॅस्टिकचे अतिसूक्ष्म कण पाण्यात मिसळून केलेलं दुधासारखं मिश्रण. पाणी उडून गेलं की हे कण एकमेकांना चिकटतात आणि सलग पापुद्रा तयार होतो. त्या पापुद्र्यावर नख जोरात दाबलं तर किंचित खूण उमटते, आणि ऊब मिळाली तर जास्तच. त्यावर कोमट पाण्याचा थेंब ठेवा आणि दहा-पंधरा मिनिटं थांबा. पारदर्शक किंवा पिवळसर दिसणारा गोंद पुन्हा दुधाळ पांढरा आणि रबरासारखा झाला, तर तो हाच. ज्या बाटलीवर पाणीरोधक असं लिहिलेलं असतं तो गोंद मात्र पाण्याला पटकन दाद देत नाही; तो ओळखायला ऊब जास्त कामाची.

सुपर ग्लूचा थेंब काचेसारखा असतो. नखाची खूण त्यावर उमटत नाही, पाण्याने रंग बदलत नाही, आणि कडेला टोकदार काहीतरी टेकवून दाबलं तर कपची उडते. हा सायनोॲक्रिलेट नावाचा पदार्थ. तो १९४२ मध्ये अमेरिकेत रसायनशास्त्रज्ञ हॅरी कूव्हर यांच्या गटासमोर पहिल्यांदा आला, तेव्हा ते बंदुकीचा नेम धरण्याच्या साधनासाठी पारदर्शक प्लॅस्टिक शोधत होते. जिथे लागेल तिथे चिकटतो म्हणून त्यांनी तो बाजूला ठेवला. गोंद म्हणून तो बाजारात यायला १९५८ उजाडलं. तो जिथे लागेल तिथे का चिकटतो, हे कळलं की तो काढायचा कसा याचा अर्धा उलगडा होतो. तो पाणी उडाल्याने वाळत नाही. उलट, वस्तूच्या अंगावर असलेल्या दमटपणाच्या पातळशा थराला स्पर्श होताच त्याचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन लांब साखळ्या होतात. म्हणजे पाण्यानेच जो घट्ट झाला त्याला पाणी लावून फारसं काही होत नाही.

दोघांचे कच्चे दुवे वेगळे. पांढरा गोंद चिवट आहे, पण उष्णतेने आणि पाण्याने मऊ पडतो. सुपर ग्लू सरळ ओढला तर फार ताकदीचा, पण ठिसूळ. त्याला बाजूने ढकलणं, सोलणं किंवा ठोकर सोसत नाही, आणि ॲसिटोनमध्ये तो हळूहळू फुगून मऊ होतो. हळूहळू हा शब्द इथे महत्त्वाचा. बोळा फिरवला आणि निघाला असं होत नाही, आणि याच घाईत लोक जोर लावून खालची वस्तू खरवडतात.

टेबल: आधी पॉलिशची परीक्षा

टेबलाच्या खालच्या अंगाला किंवा पायाच्या आतल्या बाजूला, जिथे कुणाची नजर जात नाही, तिथे कापूस गुंडाळलेली काडी पॉलिशच्या स्पिरिटमध्ये बुडवून अर्धा मिनिट टेकवा. ती जागा चिकट झाली किंवा कापसाला तपकिरी रंग आला, तर पॉलिश लाखेचं. काहीच झालं नाही तर शेजारी तीच परीक्षा लॅकर थिनरने करा. आता चिकट झालं तर ते लॅकर. दोन्हींनी काही झालं नाही तर बहुधा पॉलियुरेथेन किंवा तसाच पक्का थर आहे. लॅमिनेट तर कडेवरूनच ओळखू येतं: वरचा पत्रा आणि खालची फळी यांच्यामध्ये रेघ दिसते, आणि लाकडाचे रेषे कडेवरून खाली उतरत नाहीत.

खालची बाजू मुळात पॉलिशच केलेली नसेल तर ही परीक्षा फसते. कोरड्या लाकडावर काहीच चिकट होणार नाही आणि तुम्ही थर पक्का आहे असं समजाल. त्यामुळे जिथे वरच्यासारखीच चकाकी आहे अशीच जागा निवडा.

लाख आणि लॅकर या दोन्हींवर ॲसिटोन, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर यातलं काहीही लावायचं नाही. लाखेवर स्पिरिटही नाही. इथे गोंद विरघळवण्याचा विचारच सोडून द्यायचा.

*पांढऱ्या गोंदाची रेघ.* ही मी उबेने काढली. हेअर ड्रायर मध्यम उष्णतेवर, टेबलापासून वीतभर वर धरून, हात सतत हलता ठेवत साधारण मिनिटभर फिरवला. किती गरम करायचं याचं माझं माप म्हणजे बोट. तापवलेल्या जागेवर बोट टेकवून दहा सेकंद ठेवता आलं पाहिजे. चटका बसला तर तापमान लाखेला मऊ करण्याच्या वाटेवर आहे, थांबा. बोटाला सोसेल एवढ्या उबेतच पांढरा गोंद मऊ पडतो, लाख अजून घट्ट असते, आणि आपल्याला हवं आहे ते या दोघांमधलंच अंतर.

मग जुन्या प्लॅस्टिक कार्डाची कड टेबलाला जवळजवळ सपाट धरून रेघेच्या टोकाखाली सरकवली. नखाने उचलायचं नाही, कार्ड वर उचकायचंही नाही. फक्त पुढे ढकलायचं. तीन-चार सेंटिमीटर गोंद फितीसारखा सुटून आला आणि मग अडला, कारण तेवढ्यात तो गार झाला होता. पुन्हा ऊब, पुन्हा ढकलणं. चार फेऱ्यांत रेघ निघाली. खाली पातळ, चिकट थर उरला होता. त्यावर कोमट पाण्यात बुडवून घट्ट पिळलेली चिंधी दीड-दोन मिनिटं ठेवली, अंगठ्याने गोल चोळलं, तर उरलेला गोंद बारीक वळ्या होऊन सुटला. लगेच कोरडं पुसलं.

ही चिंधी रेघेपेक्षा मोठी नको आणि जास्त वेळही नको. लाखेच्या पॉलिशमध्ये ओलावा शिरला की पांढुरका ढग दिसतो. तो दिसला तर घासू नका. जागा कोरडी करून एक-दोन दिवस उघडी सोडा. हलका ढग बऱ्याचदा आपोआप विरतो. टेबलावर पातळ लाकडी पापुद्रा चिकटवलेला असेल तर ऊब आणि पाणी दोन्ही निम्मं करा, कारण तो पापुद्राही बहुतेक अशाच गोंदाने बसवलेला असतो आणि तोही सुटू शकतो. कडेला फुगवटा दिसला की काम थांबवून त्यावर सपाट वजन ठेवा आणि गार होऊ द्या.

*सुपर ग्लूचा थेंब.* इथे मी सगळ्यात जास्त वेळ दिला. पहिला प्रयत्न साधा होता. बर्फाचा खडा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, पिशवी कोरड्या फडक्यात गुंडाळून थेंबावर दोन-तीन मिनिटं ठेवला, म्हणजे गोंद आणखी ठिसूळ होतो. मग कार्डाची कड थेंबाच्या बुडाशी टेकवून बाजूने एकदा नेटका दाब दिला. गुळगुळीत पृष्ठभागावरून कधीकधी अख्खा थेंब टक् करून उडतो. माझा हलला नाही. असं झालं की दुसऱ्यांदा जोर वाढवायचा नाही. सुपर ग्लूची लाखेवरची पकड लाखेच्या लाकडावरच्या पकडीपेक्षा जास्त असू शकते. मग थेंब सुटतो, पण पॉलिशचा टवका घेऊन.

यानंतरची पद्धत गिटार आणि व्हायोलिन दुरुस्त करणारे कारागीर वापरतात, आणि माझ्या मते चांगल्या फर्निचरवर तीच सगळ्यात निर्धोक आहे. थेंब उचलायचाच नाही. तो वरून थोडा थोडा तासत पॉलिशच्या पातळीला आणायचा.

एकधारी रेझर ब्लेड घ्या, ज्याला मागे जाड पाठ असते असं. धारेच्या दोन्ही टोकांवर साध्या पारदर्शक चिकटपट्टीचा एकेक तुकडा असा गुंडाळा की मधली साधारण एक सेंटिमीटर धार उघडी राहील. आता हे ब्लेड टेबलावर ठेवलं तर दोन्हीकडच्या चिकटपट्ट्या पॉलिशवर टेकतात आणि मधली धार पॉलिशपासून चिकटपट्टीच्या जाडीएवढी, म्हणजे मिलिमीटरच्या जेमतेम विसाव्या भागाएवढी, वर तरंगते. ती थेंब तासू शकते, पण पॉलिशला पोहोचू शकत नाही.

ब्लेड दोन्ही हातांनी, जवळजवळ उभं, वरची पाठ किंचित आपल्याकडे झुकवून धरा आणि थेंबावरून आपल्याकडे ओढा. कापायचं नाही, खरवडायचं आहे. वजन हाताचं नको, ब्लेडचं पुरे. थेंबावरून पांढरी भुकटी किंवा बारीक कीस निघू लागतो. मी दहा-बारा ओढींनंतर थांबून, भुकटी मऊ ब्रशने झटकून, खिडकीच्या उजेडात तिरपं बघत होतो. चिकटपट्टीचं बूड झिजलं की ती बदलायची. मी दोनदा बदलली. वाटाण्याएवढा थेंब खाली यायला पंचवीस मिनिटं लागली. काम झाल्याची खूण कानाला कळते: करकर आवाज बंद होतो, ब्लेड नुसतंच सरकतं आणि कीस येत नाही. आता उरलेला थर चिकटपट्टीएवढा पातळ आहे.

तो थर तसाच सोडला तरी चालेल, हे मी मुद्दाम सांगतो. बोटाला जेमतेम जाणवतो, आणि रोजच्या वापरातल्या टेबलावर पुढे जाण्याची गरज नसते. पुढे जायचंच असेल तर १००० नंबरचा पॉलिश पेपर घट्ट खोडरबराच्या छोट्या तुकड्याभोवती गुंडाळा, त्यावर पाण्याऐवजी लिक्विड पॅराफिनचे दोन थेंब घाला, आणि फक्त त्या चकत्यावर बोटांच्या टोकाने फिरवा. तेलामुळे पेपर भरत नाही आणि लाखेला काही होत नाही. दर पाच-सहा फेऱ्यांनी पुसून बघा. गोंदाची कड दिसेनाशी झाली की लगेच १५०० आणि मग २००० नंबरवर या. जुन्या लाखेचा थर फार पातळ असतो. पेपरवर तपकिरी रंग येऊ लागला तर तुम्ही गोंद सोडून पॉलिशच घासता आहात. शेवटी मऊ फडक्याने मेण घासून चकाकी जुळवून घ्यायची.

लॅमिनेट किंवा पक्क्या पॉलियुरेथेनवर मात्र एवढी मेहनत लागत नाही. लॅमिनेटवर ॲसिटोनचा ओलसर बोळा मिनिटभर टेकवा, कार्डाने ढकला, पुसा, पुन्हा करा. फक्त जोडाच्या फटीत ॲसिटोन जाऊ देऊ नका, कारण आतला गोंद सुटतो. पॉलियुरेथेनवर आधी लपलेल्या जागी पूर्ण एक मिनिट परीक्षा घ्या. तो थर कच्चा किंवा जुना असेल तर सुरकुततो. ॲक्रिलिकची पांढरी-पारदर्शक फळी, रंगवलेलं लाकूड आणि प्लॅस्टिकचा टेबलटॉप यांच्या जवळही ॲसिटोन नेऊ नये.

आणि ज्या लाकडाला अजून पॉलिशच केलेलं नाही? तिथे पांढरा गोंद दिसत नाही, पण लाकडाच्या छिद्रांत बसलेला असतो. रंग किंवा पॉलिश लावलं की ती जागा फिकट उरते, कारण गोंद रंग आत जाऊ देत नाही. म्हणून पॉलिशच्या आधी सांध्याभोवती स्पिरिटचं फडकं फिरवून बघा. लाकूड गडद होतं आणि गोंद असलेला भाग फिकट राहतो. तो पॉलिश पेपरने घासू नका. घासण्याच्या उष्णतेने गोंद मऊ होऊन आणखी पसरतो आणि पेपर भरून टाकतो. धारदार पटाशीने किंवा खरवडण्याच्या पात्याने रेषांच्या दिशेने तासून मगच पेपर वापरा.

स्टील

हा सगळ्यात सोपा भाग. नुसतं स्टील असेल तर ॲसिटोन त्याचं काही बिघडवत नाही. प्रश्न स्टीलवर काय आहे याचा असतो: रंग, छापील अक्षरं, बोटांचे ठसे उमटू नयेत म्हणून दिलेला पारदर्शक थर, प्लॅस्टिकची मूठ. माझ्या मोजपट्टीवरचे आकडे स्टीलमध्ये कोरलेले होते, पण कोरीव खाचांत काळा रंग भरलेला होता. म्हणून पट्टीच्या अगदी शेवटच्या आकड्यावर काडीने ॲसिटोन लावून पाहिलं. कापूस करडा झाला, म्हणजे रंग सुटत होता. थेंब सुदैवाने आकड्यांपासून दूर, मधल्या मोकळ्या भागात होता.

ॲसिटोन अर्ध्या मिनिटात उडून जातं, म्हणून ओतत राहण्यात अर्थ नाही. थेंबाएवढाच कापसाचा तुकडा भिजवून त्यावर ठेवला आणि वर स्वयंपाकघरातली चिकट प्लॅस्टिक फिल्म दाबून बसवली. दहा मिनिटांनी उघडलं तेव्हा काचेसारखा थेंब पांढरट आणि जेलीसारखा झाला होता. कार्डाने वरचा थर निघाला, खालचा अजून कडक होता. पुन्हा भिजवलेला कापूस, पुन्हा दहा मिनिटं. तिसऱ्या फेरीत स्टील मोकळं झालं. कुठेच जोर लावला नाही.

घासायची वेळ आलीच तर स्टीलवर ज्या दिशेने बारीक रेषा दिसतात त्याच दिशेने घासा; आडवा ओरखडा कायमचा दिसतो. लोखंडी तारेचा चोथा वापरू नका. त्याचे कण स्टीलमध्ये रुतून नंतर गंजतात आणि स्टीलच गंजलं असं वाटतं.

पांढरा गोंद स्टीलला मुळात धड धरत नाही. भांडं किंवा अवजार गरम पाण्यात वीस-तीस मिनिटं बुडवून ठेवा, गोंद सालीसारखा सुटतो. रंग किंवा प्लॅस्टिकमुळे ॲसिटोन चालत नसेल आणि सुपर ग्लू असेल, तर गरम साबणाच्या पाण्यात काही तास ठेवा आणि नंतर कार्डाने बाजूने ढकला. पाणी गोंद विरघळवत नाही, पण ऊब आणि ओलावा मिळून पकड सैल करतात. लहान वस्तू असेल तर फ्रीझरमध्ये दोन तास ठेवून लाकडी मुठीने बाजूने टिचकी मारली तरी थेंब उडतो. खाण्यापिण्याचं भांडं असेल तर नंतर साबणाने दोनदा धुवा.

ॲसिटोन हाताळताना

ॲसिटोनची वाफ शून्याखाली २० अंशांनाही पेट घेऊ शकते. म्हणजे कुठल्याही खोलीत, कुठल्याही ऋतूत. गॅस, दिवा, उदबत्ती, सिगारेट यातलं काही जवळ नको, खिडक्या उघड्या हव्यात, आणि हेअर ड्रायर व ॲसिटोन एकाच वेळी कधीही नको. वाटीत दोन चमचे घेऊन बाटली लगेच बंद करा. पातळ नायट्राइलचे हातमोजे ॲसिटोनमध्ये थोड्याच वेळात नरम पडतात, त्यांच्या भरवशावर बोटं बुडवून ठेवू नका. ब्लीचमध्ये ॲसिटोन मिसळलं तर विषारी पदार्थ तयार होतात. डाग पांढरा करायचा म्हणून कापडावर एकामागून एक दोन्ही ओतण्याचा मोह टाळा.

नेलपॉलिश रिमूव्हर घ्यायचं असेल तर घटकांत ॲसिटोन आहे का ते वाचा. ॲसिटोनमुक्त लिहिलेलं रिमूव्हर सुपर ग्लूवर फारच सावकाश चालतं. रंगीत किंवा सुगंधी रिमूव्हर कापडावर नवा डाग ठेवून जातं.

कापड

एक गोष्ट वाळण्याआधीची आहे, पण सांगायलाच हवी. ओला सुपर ग्लू सुती किंवा लोकरीच्या कापडावर जास्त प्रमाणात सांडला तर तो क्षणात घट्ट होतो आणि इतकी उष्णता सोडतो की धूर निघू शकतो आणि खालची कातडी भाजते. त्यामुळे सांडलेला सुपर ग्लू कापसाने किंवा सुती फडक्याने पुसू नका. अंगावरच्या कपड्यावर सांडला तर लगेच भरपूर गार पाणी ओता. कापड कातडीला चिकटलं असेल तर ओढू नका. कोमट साबणाच्या पाण्यात भिजवत हळूहळू सोलत जा.

वाळलेल्या डागांपैकी पांढरा गोंद आधी घेऊ. चमच्याच्या कडेने जाड भाग काढा. मग कोमट पाण्यात थोडी धुण्याची पावडर घालून कापड अर्धा तास भिजवा. जुना डाग असेल तर रात्रभर. गोंद पांढरा आणि फुगीर झाला की कापड उलटं करून मागच्या बाजूने दोन बोटांत चोळा. गोंद धाग्यांतून पुढे ढकलला जाऊन वळ्या होऊन निघतो. पुढून चोळलं तर तो उलटा आत जातो. जुन्या मऊ टूथब्रशने उरलेलं काढा, पाणी बदला, पुन्हा करा. पाण्याने न निघणारा पातळ थर राहिला तर त्यावर स्पिरिटचा बोळा चालतो, अर्थात रंग सुटत नाही हे आतल्या शिवणीत बघून. डाग पूर्ण गेल्याची खात्री होईपर्यंत इस्त्री नाही आणि गरम हवेचा ड्रायर नाही. उष्णतेने मऊ झालेला गोंद इस्त्रीच्या दाबाखाली धाग्यांत शिरतो, आणि मग तो तिथलाच होतो.

सुपर ग्लूसाठी आधी आतली पट्टी वाचा. ॲसिटेट, ट्रायॲसिटेट किंवा मोडॅक्रिलिक यातलं काहीही लिहिलेलं असेल, अगदी अस्तरातसुद्धा, तर ॲसिटोन लावू नका; ते धागे ॲसिटोनमध्ये विरघळतात आणि डागाच्या जागी भोक पडतं. पट्टी नसेल, किंवा रेशीम, जर, छापील नक्षी असेल तर मी स्वतः हात लावत नाही, ड्रायक्लीनरकडे देतो आणि कसला डाग आहे ते सांगतो. सुती, पॉलिस्टर आणि नायलॉनचे धागे ॲसिटोन सोसतात. तरी रंगाची परीक्षा घ्यायचीच: आतल्या शिवणीवर ॲसिटोनचा थेंब, दोन-तीन मिनिटं थांबणं, मग पांढऱ्या फडक्याने टिपणं. फडक्यावर रंग आला तर तिथेच थांबा.

माझा सदरा सुती, फिका निळा होता, आणि परीक्षेत रंग सुटला नाही. बाहीत पांढरी चिंधी चार घड्या करून घातली, म्हणजे सुटलेला गोंद बाहीच्या दुसऱ्या बाजूला न जाता तिच्यात उतरेल. बाही उलटी केली, डागाची पुढची बाजू चिंधीवर टेकवली आणि मागून ॲसिटोनच्या बोळ्याने टिपत राहिलो. घासायचं नाही, टिपायचं. घासल्याने सुटलेला गोंद वर्तुळासारखा पसरतो. दर पाच मिनिटांनी चिंधीची घडी बदलून स्वच्छ भाग डागाखाली आणला. पहिल्या दोन घड्यांवर काहीच दिसलं नाही. तिसऱ्या घडीवर चिकट ठिपका आला, आणि तेव्हा डाग बोटांना कडक पुठ्ठ्यासारखा न लागता चामड्यासारखा लागू लागला. मग टूथब्रशच्या टोकाने पांढरट गोंद उचलला. सहा घड्या आणि चाळीस मिनिटं लागली. ॲसिटोन पूर्ण उडू दिलं, नंतर साध्या पाण्यात खळबळून नेहमीसारखं धुतलं.

या कामात डाग कडक असताना कापड दुमडून तो मोडण्याची इच्छा होते. मोडतोही, पण गोंद धाग्यांना वेढून बसलेला असतो, त्यामुळे गोंदाबरोबर धागेही तुटतात आणि दोन धुण्यांनंतर तिथे विरलेलं दिसू लागतं. फक्त कापडाच्या वर थेंबासारखा उभा राहिलेला भाग मोडावा. आत मुरलेला नाही.

त्या सदऱ्याच्या बाहीवर उजेडात धरलं तर अजून एक किंचित कडक ठिपका जाणवतो, मसुराच्या दाण्याएवढा. घट्ट विणीच्या सुती कापडात सुपर ग्लू खोल मुरला तर एवढं मागे राहतं. सातवी, आठवी फेरी करून पाहिली, पण चिंधीवर काहीच येईना, आणि निळा रंग मात्र अगदी थोडा फिका पडू लागला होता. तिथे मी बाटली बंद केली.